घडलं कधी, कळलं कधी: ‘वुदरिंग हाइट्स’मधल्या एका रात्रीचा हिशेब

प्रश्न: मी ‘वुदरिंग हाइट्स’ दुसऱ्यांदा वाचतेय. कथा सारखी मागे जाते, कोण कधीचं सांगतंय हे हातातून सुटतं. घटना घडल्या तो क्रम आणि सांगितल्या तो क्रम वेगवेगळे कसे मांडायचे? आणि लेखिकेनं घडलं तसं सरळ का नाही सांगितलं? माझी स्वतःची कादंबरीही अशीच मागेपुढे जाते, म्हणून विचारतेय.

उत्तर:

आधी एक गैरसमज दूर करू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. एमिली ब्राँटेची ही कादंबरी फ्लॅशबॅकनी भरलेली वाटते, पण तिच्यात मोठी उडी एकच आहे. पहिली तीन प्रकरणं 1801 च्या हिवाळ्याच्या तोंडावर घडतात. लॉकवुड हा परका भाडेकरू आपल्या घरमालकाला, हीथक्लिफला, भेटायला जातो, बर्फात अडकतो आणि वुदरिंग हाइट्स या त्याच्या घरात एक भयंकर रात्र काढतो. चौथ्या प्रकरणात घरकाम पाहणारी नेली डीन त्याला त्या घराण्याची हकिकत सांगू लागते आणि कथा एकदम तीस वर्षं मागे, 1771 च्या सुगीच्या दिवसांत जाते. तिथून तिसाव्या प्रकरणापर्यंत ती बऱ्याच अंशी सरळ पुढे येत राहते. म्हणजे गोंधळ या उडीमुळे होत नाही. सरळ चाललेल्या हकिकतीत मध्येच कुणीतरी दुसरंच माणूस बोलायला लागतं, आणि ते आधी घडलेलं काहीतरी उशिरा सांगतं. खरा गोंधळ तिथे आहे, आणि कादंबरीची खरी ताकदही तिथेच आहे.

समीक्षेत या दोन क्रमांना नावं आहेत. रशियन रूपवाद्यांनी घडण्याच्या क्रमाला ‘फाब्युला’ आणि सांगण्याच्या क्रमाला ‘स्युझेत’ म्हटलं. मराठीत घटनाक्रम आणि कथनक्रम म्हटलं तरी पुरे. पण या कादंबरीला दोन क्रम पुरत नाहीत. तिसरा एक क्रम धरावाच लागतो: गोष्ट सांगणाऱ्याला ती कधी कळली. मी याला ‘कळण्याचा क्रम’ म्हणेन. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, सरळ का नाही सांगितलं याचं, उत्तर याच तिसऱ्या क्रमात आहे.

मांडणी कशी करायची

एका घटनेला एक कार्ड घ्या. वहीपेक्षा सुटी कार्डं बरी, कारण ती पुढे दोन वेगवेगळ्या रांगांत लावायची आहेत. प्रत्येक कार्डावर घटना एका ओळीत लिहा आणि खाली चार नोंदी करा: घडली कधी, कुणी पाहिली, निवेदकाला कळली कधी आणि कुणाकडून, वाचकाला कळली कोणत्या प्रकरणात. या कादंबरीसाठी साठ-सत्तर कार्डं पुरतात. प्रत्येक संवादाचं कार्ड करायला गेलात तर कंटाळून सोडून द्याल. जन्म, मृत्यू, लग्न, येणं-जाणं आणि ज्यानं एखाद्याची भूमिका बदलते असा प्रसंग, एवढंच घ्या.

नावांचा संकेत पहिल्याच दिवशी ठरवा. इथे हीथक्लिफचं जिच्यावर प्रेम आहे ती आई आणि तिची मुलगी, दोघी कॅथरिन आहेत. मी आईला कॅथरिन आणि मुलीला कॅथी म्हणतो आहे. हा संकेत कादंबरीतही अर्धा आहेच: एडगर लिंटन बायकोला कधी लाडक्या छोट्या नावानं हाक मारत नसे, बहुधा हीथक्लिफ मारत असे म्हणून, आणि मुलीला मात्र नेहमी कॅथीच म्हणे. उलट हीथक्लिफच्या तोंडी ‘कॅथी’ आलं की बहुतेक वेळा ती आई असते. हे लक्षात न ठेवता कार्डं केली की दोन पिढ्या एकमेकींत मिसळतात, आणि चूक कुठे झाली ते नंतर सापडत नाही.

आता सालं. कादंबरीत सरळ लिहिलेली सालं मोजकीच आहेत. पहिलाच शब्द 1801 आहे. बत्तिसावं प्रकरण 1802 नं सुरू होतं. घराच्या दारावर 1500 कोरलेलं आहे, पण ते घराण्याचं जुनेपण सांगतं, आपल्या हिशेबाला त्याचा उपयोग नाही. खरी खुंटी सातव्या प्रकरणाच्या अगदी शेवटी आहे. नेली मोठी उडी मारू पाहते, लॉकवुड तिला अडवतो, तेव्हा ती म्हणते की निदान पुढच्या उन्हाळ्यावर तरी जाते, 1778 च्या. पुढचं प्रकरण त्या जूनमधल्या एका जन्मानं सुरू होतं: कॅथरिनच्या भावाच्या मुलाच्या, हेअरटनच्या. सगळ्या जुन्या हकिकतीला टांगून ठेवणारी ही एकच खुंटी. सी. पी. सँगर नावाच्या इंग्लिश बॅरिस्टरानं 1926 मध्ये एका छोट्या निबंधात कादंबरीचा सगळा कालपट लावून दाखवला, तोही अशाच तपशिलांवरून. साक्षीपुराव्याची सवय असलेल्या माणसानं हे काम करावं यात मला मोठं औचित्य वाटतं.

एक तारीख लावून पाहू: कॅथरिनचा मृत्यू. हेअरटन जून 1778 चा. नेली जेव्हा वुदरिंग हाइट्स सोडून लग्न झालेल्या कॅथरिनबरोबर एडगरच्या घरी, थ्रशक्रॉस ग्रेंजला जाते, तेव्हा हेअरटन जवळजवळ पाच वर्षांचा आहे आणि ती त्याला नुकती अक्षरं शिकवायला लागली आहे. म्हणजे लग्न 1783 च्या वसंतात. घर सोडून गेलेला हीथक्लिफ परत येतो तो सप्टेंबरमधल्या एका संध्याकाळी, म्हणजे त्याच वर्षी. नंतर येणारा मार्च 1784 चा. कॅथीचा जन्म आणि कॅथरिनचा मृत्यू एकाच रात्री होतात, दोन तासांच्या अंतरानं. एकविसाव्या प्रकरणात कॅथीच्या सोळाव्या वाढदिवसाची तारीख दिली आहे: 20 मार्च. झालं, 20 मार्च 1784.

आता हेच दुसऱ्या टोकाकडून तपासा. 1801 च्या शेवटी लॉकवुड कॅथीला पहिल्यांदा पाहतो तेव्हा त्याला ती सतरा वर्षांचीही वाटत नाही. 1784 मध्ये सतरा मिळवले की 1801. दोन्ही टोकं जुळली. साल असं दोन बाजूंनी जुळलं तरच ते कार्डावर शाईनं लिहावं, तोवर पेन्सिलनं.

पण जुळवाजुळव किती ताणायची यालाही मर्यादा आहे. हीथक्लिफ आणि कॅथरिनची शेवटची भेट रविवारी होते, घरची मंडळी चर्चला गेलेली असताना, आणि त्याच रात्री ती जाते. खऱ्या पंचांगात 20 मार्च 1784 ला शनिवार होता. याचा अर्थ लेखिका चुकली असा नाही. तिनं वर्ष आणि ऋतू सांभाळले, वार प्रसंगाच्या गरजेनं घेतले. बोलणाऱ्यांच्या तोंडचे आकडेही असेच ढोबळ असतात. नेली 1778 चा उन्हाळा ‘जवळजवळ तेवीस वर्षांपूर्वीचा’ म्हणते, तेव्हा तेवीस उलटून गेली आहेत. लॉकवुडच्या स्वप्नातलं कॅथरिनचं भूत वीस वर्षं भटकतंय म्हणतं, आणि कॅथरिनला जाऊन साडेसतराच झाली आहेत. माणसं बोलताना सांगतात त्या आकड्यावर तारीख कधीही उभी करू नका. जन्म, वय, ऋतू आणि दोन घटनांमधलं अंतर यांवर करा.

ती एक रात्र

सगळी कार्डं मांडून दाखवण्यापेक्षा एकच घटना नीट पाहू, कारण या कादंबरीचं सगळं कसब तिच्यात एकवटलं आहे. ती रात्र म्हणजे मार्च 1784 मधली, कॅथरिनला पुरलं त्या शुक्रवारची.

सतराव्या प्रकरणात ती पहिल्यांदा येते. नेली तान्ह्या कॅथीला घेऊन बसली आहे. एवढ्यात एडगरची बहीण इझाबेला, जिनं हीथक्लिफशी लग्न केलं आहे, भिजलेली आणि जखमी अवस्थेत पळत येते आणि आदल्या रात्रीची हकिकत सांगते. कॅथरिनचा भाऊ हिंडली अंत्यसंस्कारासाठी शुद्धीत राहायचं ठरवतो, तेही त्याला साधत नाही. रात्री हीथक्लिफ बाहेरून येतो. रोजच्यापेक्षा लवकर, बहुधा अचानक सुटलेल्या वादळामुळे, असा इझाबेलाचा अंदाज. हिंडली दार लावून घेतो आणि चाकू बसवलेलं पिस्तूल घेऊन वाट पाहतो. इझाबेला खिडकीतून हीथक्लिफला सावध करते, पण आत घेत नाही. त्याच्या केसांवर आणि कपड्यांवर बर्फ आहे. झटापटीत तो हत्यार हिसकावतो, चाकू हिंडलीचं मनगट चिरतो. मग खिडकीची चौकट फोडून हीथक्लिफ आत शिरतो आणि पडलेल्या हिंडलीला लाथांनी तुडवतो.

वाचकाच्या मनात यातून काय उरतं? बायको आणि हिंडली या दोघांनी बाहेर ठेवलेला एक हिंस्र माणूस. इझाबेला त्याला जनावराच्या शब्दांतच रंगवते, आणि ते चुकीचं नाही. तिच्यावर जे गुदरलं ते खरंच आहे.

आता बारा प्रकरणं पुढे या. एकोणतिसावं. सप्टेंबर 1801, एडगरला पुरल्यानंतरची संध्याकाळ. हीथक्लिफ नेलीला सांगतो की काल एडगरची कबर खणणाऱ्याकडून त्यानं कॅथरिनच्या शवपेटीवरची माती काढून घेतली आणि तिचा चेहरा पाहिला. नेली हादरते. मग तो साडेसतरा वर्षांपूर्वीचं सांगतो. तिला पुरलं त्या दिवशी बर्फ पडलं. संध्याकाळी तो एकटा दफनभूमीत गेला. तिला पुन्हा एकदा हातांत घ्यायचं म्हणून त्यानं कुदळ-फावडं शोधून माती उपसली, पेटीपर्यंत पोचला, आणि तेवढ्यात कबरीच्या काठाशी कुणीतरी उसासा टाकल्याचा भास झाला. पुन्हा एकदा. तिथे कुणी नव्हतं, तरी ती आहे अशी त्याची खात्री झाली: मातीखाली नाही, जमिनीवर. त्यानं माती परत लोटली आणि ती घरी दिसणार या आशेनं तो धावत निघाला. दार बंद होतं. तो म्हातारा हिंडली आणि माझी बायको मला आत येऊ देत नव्हते, असं काहीसं तो सांगतो. हिंडलीला लाथाडायला थांबल्याचं त्याला आठवतं, आणि मग जिन्यावरून धावत वर, तिच्या खोलीकडे. ती दिसली नाही. (‘म्हातारा’ हा माझा शब्द, चिडीचा सूर दाखवण्यापुरता. हिंडली सहा महिन्यांनी वारला तेव्हा जेमतेम सत्तावीस वर्षांचा होता.)

ही दोन कार्डं शेजारी ठेवा. पुरण्याचा दिवस तोच, बर्फ तेच, बंद दार तेच, लाथा त्याच. रात्र एकच आहे. लेखिकेनं बारा प्रकरणांच्या अंतरानंही ती ओळखता यावी म्हणून चार खुणा ठेवल्या, आणि त्यांतली सगळ्यांत साधी, केसांवरचं बर्फ, सर्वांत जास्त काम करते. सतराव्या प्रकरणात ते केवळ वातावरण वाटतं. एकोणतिसाव्यात कळतं की तो तास-दीड तास उघड्या कबरीत उभा असावा. इझाबेलाचा ‘वादळामुळे लवकर आला असेल’ हा अंदाजही इथे उलटतो. घटनेचं चुकीचं कारण आधी मिळालं होतं, तेही एका सहज वाक्यात, कुणाला शंका येऊ नये असं. खरं कारण आता मिळालं.

इथेच कळण्याचा क्रम उपयोगी पडतो. नेली लॉकवुडला ही हकिकत कधी सांगते आहे? लॉकवुडची पहिली भेट नोव्हेंबर 1801 च्या अखेरची, तो चार आठवडे आजारी पडतो, आणि तिसाव्या प्रकरणाच्या शेवटी जानेवारीचा दुसरा आठवडा असल्याचं तो स्वतः लिहितो. म्हणजे सगळं सांगणं नोव्हेंबर 1801 ते जानेवारी 1802 मधलं. आणि हीथक्लिफनं कबरीची गोष्ट नेलीला सांगितली सप्टेंबर 1801 मध्ये. म्हणजे सतराव्या प्रकरणातली ती रात्र सांगताना नेलीला कबरीचं सगळं माहीत आहे. तरी ती बोलत नाही. इझाबेलानं तिला त्या दिवशी जे सांगितलं तेवढंच सांगते, आणि दुसरा अर्धा भाग जेव्हा स्वतःला कळला तिथे येईपर्यंत राखून ठेवते.

यात काही कपट नाही. घरात वर्षानुवर्षं राहिलेली बाई जुनी हकिकत अशीच सांगते: ‘मग ती आली, मग तिनं असं सांगितलं.’ नेलीचा कथनक्रम घटनाक्रमावर चालत नाही, तिच्या कळण्याच्या क्रमावर चालतो. म्हणून तो वाचकाला नैसर्गिक वाटतो आणि लपवाछपवीचा राग येत नाही. तुमच्या ‘सरळ का नाही’ या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे: नेलीच्या दृष्टीनं तिनं सरळच सांगितलं.

आता एक प्रयोग करा. एकोणतिसाव्या प्रकरणातला कबरीचा भाग उचलून सतराव्यात, इझाबेला यायच्या आधी ठेवा, म्हणजे घडला त्या क्रमानं. काय होतं? हीथक्लिफ दाराशी येतो तेव्हाच वाचक त्याच्या बाजूला गेलेला असतो. इझाबेलाची भीती मग अपुऱ्या माहितीतून आलेली, जवळजवळ अडथळ्यासारखी वाटते. पुढच्या बारा प्रकरणांत तो स्वतःच्या आजारी मुलाला, कॅथीला, हेअरटनला ज्या पद्धतीनं वापरतो, ते दुःखी प्रियकराचं वागणं म्हणून माफ करण्याची सोय होते. लेखिकेनं ती सोय दिली नाही. आधी त्याचं क्रौर्य पूर्ण भोगायला लावलं, मग कारण सांगितलं. कारण कळल्यावर क्रौर्य पुसलं जात नाही, दोन्ही एकत्र बाळगावी लागतात. क्रम बदलला की घटना त्याच राहतात आणि न्यायनिवाडा बदलतो.

आणखी एक पदर आहे, जो कार्डांशिवाय सहज दिसत नाही. त्याच भाषणात हीथक्लिफ म्हणतो की तिच्या खोलीत झोपायचा प्रयत्न केला तर डोळे मिटताच ती खिडकीबाहेर असायची, किंवा पलंगाच्या फळ्या सरकवायची. हे सप्टेंबर 1801 चं बोलणं. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी काहीही माहीत नसलेला लॉकवुड त्याच खोलीत, त्याच फळ्यांच्या पलंगात झोपतो आणि स्वप्नात खिडकीबाहेरचा हात पाहतो. घटनाक्रमात आधी हीथक्लिफचा दावा येतो आणि मग एक तिऱ्हाईत साक्षीदार. कथनक्रमात साक्षीदार तिसऱ्या प्रकरणात येतो आणि दावा एकोणतिसाव्यात. घडलं तसं सांगितलं असतं तर लॉकवुडचं स्वप्न ऐकीव गोष्टीचा परिणाम वाटलं असतं. उलट सांगितल्यामुळे आपण भूत आधी पाहतो, तेही अशा माणसाच्या डोळ्यांनी ज्याला या दाव्याची काहीच कल्पना नाही. हीथक्लिफ पुढे बोलतो तेव्हा त्याला वेडा म्हणणं आपल्याला जड जातं.

मांडताना हमखास चुकतं ते

सर्वांत मोठी चूक म्हणजे निवेदनाचे थर एकात एक कालवणं. सतराव्या प्रकरणातली ती रात्र इझाबेलानं पाहिली, नेलीला सांगितली, नेलीनं लॉकवुडला, आणि लॉकवुडनं आपल्याला, तीही थोडी आटवून. पंधराव्या प्रकरणाच्या सुरुवातीला तो तसं कबूल करतो. मराठी वाचकाला ही रचना परकी नाही. महाभारत वैशंपायन जनमेजयाला सांगतो आणि ते सांगणं सौती नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना पुन्हा सांगतो, तेव्हा आपण तिसऱ्या हातानंच ऐकत असतो. पण तिथे युद्ध कधी घडलं आणि सर्पसत्र कधी झालं हे आपण मिसळत नाही. इथेही मिसळू नका. ‘काल’ असा शब्द आला की पहिला प्रश्न: कुणाचा काल? इझाबेलाचा ‘काल’ 1784 मधला आहे, लॉकवुडचा ‘काल’ 1801 मधला. कार्डाच्या कोपऱ्यात बोलणाऱ्याचं आद्याक्षर लिहिलं की ही चूक जवळजवळ बंद होते.

दुसरी चूक पानांच्या संख्येवरून काळ मोजण्याची. अठरावं प्रकरण बारा वर्षं एका वाक्यात ओलांडतं, ती आपल्या आयुष्यातली सर्वांत सुखाची होती एवढंच नेली म्हणते. आणि एक रात्र कित्येक पानं खाते. म्हणून क्रमाच्या कार्डांवर लांबीची नोंद करू नका. ती वेगळी बाब आहे, हवी तर नंतर वेगळ्या रंगानं करा.

तुमच्या कादंबरीसाठी

स्वतःच्या हस्तलिखितावर हेच करताना कार्डं आधी घटनाक्रमानं लावा आणि वयं तपासा. मागेपुढे जाणाऱ्या कादंबऱ्यांत पात्राचं वय हमखास घसरतं, कारण प्रत्येक तुकडा वेगळ्या महिन्यात लिहिलेला असतो. मग तीच कार्डं प्रकरणांच्या क्रमानं लावा. जी कार्डं आपल्या जागेवरून हलली, तेवढीच तुमची खरी पूर्वदीप्ती. त्या प्रत्येकासाठी तिसरी नोंद पाहा: सांगणाऱ्याला हे कधी कळलं? ती जागा आणि सांगण्याची जागा जुळत असेल तर उशीर पचतो. निवेदकाला सुरुवातीपासून माहीत होतं, तो तेव्हा बोलत होता, आणि फक्त वाचकाला धक्का द्यायचा म्हणून गप्प बसला, असं असेल तर वाचक तिथे फसवला गेल्यासारखा होतो. असं कार्ड सापडलं तर धक्का वाचवू नका, निवेदक बदला. नेलीसारखी, अर्धं दुसऱ्याकडून ऐकलेली व्यक्ती सांगायला बसली तर तोच उशीर रास्त होतो.

उशिरा येणाऱ्या प्रत्येक घटनेसाठी पहिल्या जागी एक खूण पेरा. ती वस्तूची असावी, भावनेची नको. केसांवरचं बर्फ बारा प्रकरणं लक्षात राहतं. ‘त्याच्या डोळ्यांत काहीतरी वेगळं होतं’ हे पुढच्या पानावर विसरलं जातं. आणि दुसऱ्या जागी ती खूण निदान एकदा त्याच शब्दात परत यायला हवी. बर्फाला दुसऱ्यांदा ‘हिमकण’ म्हटलंत तर दोर तुटतो.

मराठीत आणखी एक अडचण आहे ती क्रियापदांची. भूतकाळातून आणखी मागे जाताना आपण ‘गेला होता’, ‘म्हणाली होती’ लिहितो. ते योग्यच आहे, पण तीन पानं तसंच चालू ठेवलं की प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘होता-होती’ वाजत राहतं आणि प्रसंग थंड पडतो. दारातून आत शिरण्यापुरती दोन-तीन वाक्यं ‘होता’ची ठेवा, मग साध्या भूतकाळात या: ‘तो गेला’, ‘ती म्हणाली’. बाहेर पडताना पुन्हा एखादं ‘होता’ पुरतं, किंवा त्याहून बरं म्हणजे वर्तमानातली एखादी वस्तू: गार झालेला चहा, वाजणारं दार. नेलीचं सांगणं असंच तुटतं. घड्याळाकडे लक्ष जातं, रात्र झाली म्हणते, आणि आपण 1801 मध्ये परततो.

शेवटी रिकाम्या कार्डांबद्दल. हीथक्लिफ निघून जातो आणि परत येतो यांत तीन वर्षांहून जास्त काळ जातो. तो फाटका गेला होता, परत येतो तो पैसा आणि शिष्टाचार घेऊन. मध्ये काय घडलं हे नेलीला कधीच कळलं नाही, म्हणून लॉकवुडला कळलं नाही, म्हणून आपल्यालाही नाही. त्या वर्षांचं कार्ड करा, तारखा घाला, आणि बाकीचं कोरं ठेवा. तुमच्या हस्तलिखितातही असं एखादं कार्ड निघालं तर ते भरायला धावण्याआधी पाहा की तुमच्या निवेदकाला ते कळायला काही वाट होती का.